सहा वर्षांचा डबा आणि दहा वर्षांचा डबा

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे आणि मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. खानापूरहून दोघे एकाच बसने बेळगावच्या शाळेला जातात, साडेसातला घर सोडतात. दोघांना सारखाच डबा भरते : तीन चपात्या, तीन-चार चमचे बटाट्याची भाजी आणि छोट्या सुट्टीला चार बिस्किटे. मुलगी दीड चपाती परत आणते, भाजीही अर्धी उरते. मुलगा सगळे संपवतो, पण घरी आल्या आल्या चिरमुऱ्यांचा डबा शोधतो. सासूबाई म्हणतात, पोरगी नीट खात नाही. नेमक्या किती चपात्या आणि किती चमचे द्यायचे, ते वयाप्रमाणे सांगाल का? – एक आई, खानापूर

उत्तर :

ताई, तुमच्या मुलीला चपाती जवळजवळ पुरेशी मिळते आहे आणि मुलालाही चपाती कमी पडत नाही. दोघांनाही कमी पडते आहे ती चपातीशेजारची वस्तू, म्हणजे भाजी किंवा उसळ, आणि छोट्या सुट्टीचा खाऊ. म्हणून चपात्यांची संख्या मुलीसाठी घटवावी, मुलासाठी तीच ठेवावी, आणि चमचे मात्र दोघांचेही वाढवावेत, असे माझे मत आहे. हे मत कशावरून झाले, ते तुमच्याच डब्याचा हिशेब मांडून दाखवते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० उष्मांक, सात ते नऊ वर्षांच्या मुलाला १७००, आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलग्याला २२२० तर मुलीला २०६० उष्मांक लागतात, असे दिले आहे. सकाळी साडेसात ते दुपारी चारपर्यंत मूल घराबाहेर असेल, तर दिवसाच्या अन्नाचा साधारण तिसरा हिस्सा डब्यातून जावा. तुमच्या मुलीसाठी हा हिस्सा सुमारे ४५० उष्मांकांचा होतो आणि मुलासाठी सुमारे ७४० उष्मांकांचा. दोन्ही सुट्ट्यांचे मिळून हे आकडे आहेत. दीडपटीहून अधिक असलेला हा फरक एकसारख्या डब्यात कधीच बसणार नाही.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आपल्याकडच्या अनेक घरांना ती लागू पडते. आपल्या राज्यात सरकारी शाळांत ‘अक्षर दासोह’ योजनेतून दुपारचे जे जेवण मिळते, त्याचे प्रमाण पहिली ते पाचवीसाठी एकच आहे : शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी आणि मिळून ४५० उष्मांक. सहावीपासून हेच प्रमाण ७०० उष्मांकांवर जाते. पहिलीतल्या मुलाला हे जेवण नेमके पुरते, परंतु पाचवीतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तेवढ्याने भागेलच असे नाही. म्हणून ज्या पालकांची चौथी-पाचवीतली मुले शाळेत जेवतात, त्यांनी छोट्या सुट्टीचा डबा भरभक्कम द्यावा, आणि पहिली-दुसरीतल्या मुलांना हलका खाऊ पुरे होतो, हे लक्षात ठेवावे. तुमची मुले घरचाच डबा नेतात, तेव्हा पूर्ण हिशेब आपणच करायचा आहे.

हिशेबाआधी मापे ठरवू, कारण ‘चार चमचे’ म्हणताना माझा चमचा आणि तुमचा चमचा एक असेलच असे नाही. मी ज्याला मोठा चमचा म्हणते, त्यात पंधरा मिलिलिटर पाणी मावते, आणि लहान चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा. आपल्या घरांतला पोहे खायचा चमचा बहुधा या दोहोंच्या मधला, दहा मिलिलिटरच्या आसपासचा असतो. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे खुणा असलेले झाकण घ्यावे, ते स्वच्छ धुवून पाण्याने भरावे, आणि आपल्या चमच्यात किंवा लहान डावात किती पाणी मावते ते एकदाच पाहून ठेवावे. तुमचा चमचा दहाचा निघाला, तर माझ्या दोन मोठ्या चमच्यांसाठी तुमचे तीन चमचे धरावेत. चमचा सपाट भरायचा आहे. शीग लावून भरलेल्या चमच्यात जवळजवळ दुप्पट अन्न येते, आणि मोजमाप बहुतेक वेळा येथेच चुकते.

चपातीचेही तसेच आहे. लहान चपाती म्हणजे पंचवीस ग्रॅम पिठाची आणि मोठी म्हणजे तीस ग्रॅम पिठाची, असे मी धरते. घरी वजनकाटा नसला तरी अडत नाही. एक किलो पिठाच्या चाळीस चपात्या होत असतील तर ती लहान चपाती, आणि तेहतीसच्या आसपास होत असतील तर मोठी. अर्धा किलो पीठ मळून एकदा चपात्या मोजल्या की आपला हात कोणत्या मापाचा आहे ते कळते. लहान चपाती अर्धा लहान चमचा तूप लावून सुमारे शंभर उष्मांक देते आणि मोठी सुमारे एकशे वीस.

आता तुमचा सध्याचा डबा पाहू. तुमच्या चपात्या मोठ्या मापाच्या, म्हणजे तीस ग्रॅम पिठाच्या आहेत असे धरले, तर मुलगी दीड चपाती खाते म्हणजे पंचेचाळीस ग्रॅम पीठ खाते. तिच्या वयाला दोन लहान चपात्या, म्हणजे पन्नास ग्रॅम पीठ योग्य आहे. तेव्हा ती पाच ग्रॅमने, म्हणजे दोन-तीन घासांनी मागे आहे, एवढेच. सासूबाईंना हा हिशेब आवर्जून दाखवा. परत आलेली दीड चपाती पाहून त्यांना काळजी वाटणे स्वाभाविक आहे, पण ती दीड चपाती डब्यात मुळातच जास्त होती. खरी उणीव पुढे आहे. दीड चपातीचे १८०, दोन चमचे बटाट्याच्या भाजीचे पस्तीस-चाळीस आणि चार बिस्किटांचे सुमारे ऐंशी मिळून तिच्या पोटात तीनशेच उष्मांक जातात, आणि त्यात डाळ, कडधान्य, अंडे यांपैकी काहीही नाही. मुलाच्या बाबतीत तीन चपात्यांचे ३६०, चार चमचे भाजीचे सत्तर-पंच्याहत्तर आणि बिस्किटांचे ऐंशी धरले, तर बेरीज पाचशेच्या थोडी पुढे थांबते. त्याला सव्वादोनशे उष्मांक कमी पडतात, आणि चार वाजता तो तेवढेच चिरमुऱ्यांच्या डब्यातून भरून काढतो.

मुलीसाठी मोठ्या सुट्टीच्या डब्यात दोन लहान चपात्या आणि चार मोठे चमचे कोरडी उसळ द्यावी. मटकी, मूग, चवळी, हुलगे यांपैकी कोणतेही कडधान्य चालेल, परंतु ती सुकी आणि अंगाबरोबर शिजलेली असावी. आमटीचा किंवा कटाचा पातळ भाग चमच्याने मोजून भरला तर माप पूर्ण होते, पण त्यात डाळ नावालाच असते. उसळीचा एक मोठा चमचा जवळजवळ एक ग्रॅम प्रथिने देतो. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सोळा ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात आणि दोन चपात्यांतून पाच ग्रॅम मिळतातच, त्यामुळे चार चमचे उसळीने डब्यातूनच दिवसाच्या निम्म्याहून अधिक भाग भागतो. सोबत काकडीचे किंवा गाजराचे करंगळीएवढे तीन-चार तुकडे पुरेत. ज्या दिवशी उसळ नसेल त्या दिवशी एक उकडलेले अंडे चार तुकडे करून द्यावे आणि त्याबरोबर दोन चमचे कोणतीही भाजी द्यावी. एका अंड्यात सहा चमचे उसळीएवढी प्रथिने असतात, म्हणून सहा वर्षांच्या मुलीला एकाच अंड्यात भागते.

तिच्या छोट्या सुट्टीसाठी शंभर ते सव्वाशे उष्मांकांचा खाऊ हवा. सहा मोठे चमचे उप्पीट किंवा पोहे, किंवा दोन लहान इडल्या, किंवा एक लहान केळे आणि एक मोठा चमचा भाजलेल्या शेंगा यांपैकी काहीही एक द्यावे. बेळगावच्या रताळ्यांच्या हंगामात उकडलेल्या रताळ्याच्या बोटभर जाडीच्या चार चकत्या आणि एक चमचा शेंगांचे कूट हा मला सर्वांत आवडणारा खाऊ आहे, कारण तो थंड झाला तरी चिवट होत नाही आणि हात फारसे माखत नाहीत. सहा वर्षांच्या मुलीला अख्ख्या शेंगा चालतात, परंतु घरात पाच वर्षांखालचे भावंड असेल तर त्याच्यासाठी शेंगा कुटाव्यात आणि द्राक्षे उभी चिरावीत, कारण त्या वयात अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

मुलासाठी मोठ्या सुट्टीत तीन मोठ्या चपात्याच ठेवाव्यात, पण उसळ सात मोठे चमचे करावी. याने त्याच्या जेवणाचे जवळजवळ ४९० उष्मांक होतात. छोट्या सुट्टीत बिस्किटांऐवजी पन्नास ग्रॅम पिठाचे एक थालीपीठ द्यावे, जे लहान चमचाभर तेलात भाजले तर दोनशेहून थोडे अधिक उष्मांक देते. त्याच्याजागी तीन इडल्या आणि दीड मोठा चमचा शेंगांची चटणी चालेल, किंवा अकरा-बारा मोठे चमचे पोहे चालतील. वर अर्ध्या पेरूच्या चार फोडी दिल्या की ७४० चा हिशेब पूर्ण होतो. जोंधळ्याची भाकरी दिली तर पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे दीड मोठी चपाती, असे धरावे. मुलाला दोन भाकऱ्या पुरेत. मात्र सहा तासांनी भाकरी कडक होते आणि मुले ती परत आणतात, म्हणून डब्यात ती थंडीच्या दिवसांत लोणी लावूनच द्यावी, असे मी सांगेन.

आठवड्यातून एक-दोन दिवस चित्रान्न किंवा फोडणीचा भात द्यायचा असेल, तर एका लहान चपातीला पाच सपाट मोठे चमचे भात आणि मोठ्या चपातीला सहा चमचे, असा अदलाबदलीचा हिशेब ठेवावा. मुलीला दहा चमचे आणि मुलाला अठरा चमचे भात होतो. चमच्यांत मोजायला हे फार वाटते. तेव्हा एकदा मोजून तेवढ्याच मापाची वाटी ठरवून टाकावी. मुलीची वाटी दीडशे मिलिलिटरची होईल आणि मुलाची पावणेतीनशेच्या आसपास. भाताच्या दिवशी कडधान्य हमखास गळते, म्हणून त्या दिवशी भातातच शेंगा मिसळाव्यात, मुलीसाठी एक आणि मुलासाठी दोन मोठे चमचे, आणि सोबत अंडे किंवा थोडी उसळ द्यावी.

तुमच्या पत्रात या दोन वयांचाच प्रश्न आहे, तरी इतर वाचकांसाठी मधली वये सांगते. बालवाडीतल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला दीड लहान चपाती आणि तीन चमचे उसळ पुरे. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना दोन मोठ्या चपात्या, सहा चमचे उसळ, छोट्या सुट्टीला आठ चमचे पोहे किंवा दोन मोठ्या इडल्या आणि एखादे लहान फळ द्यावे. तेराव्या वर्षापासून मुलग्याला चार मोठ्या चपात्या आणि दहा चमचे, तर मुलीला तीन चपात्या आणि आठ-नऊ चमचे लागतात. या वयातल्या मुली स्वतःहून चपाती कमी करायला सांगतात. चपाती त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अर्धीने कमी करावी, पण उसळीचे चमचे कमी करू नयेत.

माप बरोबर झाले की नाही हे परत आलेला डबाच सांगतो, फक्त तो तीन-चार दिवस सलग आणि नीट पाहावा लागतो. चपाती आणि उसळ दोन्ही सारख्याच प्रमाणात उरत असतील, तर माप जास्त आहे किंवा खायला वेळ पुरत नाही. चपाती उरते आणि उसळ संपते, तर चपाती कोरडी पडली आहे. तुपाचे बोट वाढवावे आणि चपाती गरम असताना डबा बंद करू नये, कारण वाफेने ती आधी ओली आणि मग चिवट होते. उसळ उरते आणि चपाती संपते, तर बहुधा तिखट जास्त झाले आहे, कारण मोठ्यांसाठी केलेल्या उसळीतूनच मुलांचा भाग काढला जातो. छोटी सुट्टी संपवून मोठ्या सुट्टीचा डबा जसाच्या तसा परत येतो, तर खाऊ जड झाला. चार गोड बिस्किटे अगदी असेच करतात. पोट भरल्यासारखे वाटते, उष्मांक थोडेच मिळतात आणि दीड-दोन तासांनी समोर आलेल्या चपातीची इच्छा राहत नाही.

वेळ पुरतो की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. एखाद्या रविवारी मुलीला तिचाच शाळेचा डबा घरी द्यावा, तिने स्वतःच झाकण उघडावे, स्वतःच्या हाताने खावे आणि आपण घड्याळ पाहावे. शाळेत मोठी सुट्टी वीस-तीस मिनिटांची असली, तरी हात धुणे, जागा धरणे आणि डबा उघडणे यांत त्यातली आठ-दहा मिनिटे जातात. घरी शांतपणे तिला पंचवीस मिनिटे लागत असतील तर शाळेत तो डबा संपणार नाही. अशा वेळी अन्न कमी करू नये, तर घास सोपे करावेत. चपातीवर उसळ पसरून गुंडाळी करावी आणि तिचे दोन बोटे रुंदीचे चार तुकडे करावेत. दोन चपात्यांचे आठ तुकडे होतात, आणि मग मुलगीही घरी येऊन “आई, सहा खाल्ले, दोन राहिले” असे सांगू शकते. डबा हलला तरी उसळ सांडू नये म्हणून ती पसरण्याआधी चमच्याने थोडी दाबून घ्यावी. झाकण घट्ट असलेला डबा पहिलीतल्या मुलांना उघडतच नाही आणि कोणाला सांगायला ती लाजतात. हे कारण मी इतक्या वेळा पाहिले आहे की परत आलेल्या डब्याची तक्रार ऐकली की पहिल्यांदा मी झाकणाचीच चौकशी करते.

नवे माप एकदम आणू नये. पहिल्या आठवड्यात मुलीला दोन चपात्या आणि दोन चमचे उसळ द्यावी, दुसऱ्या आठवड्यात तीन चमचे आणि तिसऱ्यात चार. कडधान्याची सवय नसलेल्या पोटात एकदम चार-सात चमचे गेले तर गॅस धरतो, मूल कुरकुरते आणि उसळ कायमची नावडती होते. मुलालाही चारावरून सातवर तीन आठवड्यांत न्यावे. डबा आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी चौथा हिस्सा उरून आला तर ते चालण्यासारखे आहे, कारण मुलांची भूक रोज एकसारखी नसते आणि जुलैच्या झडीत घरात बसलेल्या मुलाची भूक कबड्डीच्या सरावाच्या दिवसांतल्या भुकेसारखी असणार नाही.

चमच्यांचा हिशेब कोठे थांबतो तेही सांगते. या वयातले मूल वर्षाला साधारण दोन ते तीन किलोने आणि पाच-सहा सेंटिमीटरने वाढते. वजन-उंची दर तीन महिन्यांनी एकाच काट्यावर आणि एकाच भिंतीवर खूण करून लिहून ठेवावी. सहा महिन्यांत वजन अजिबात हलले नाही, किंवा उतरले, किंवा डबा पूर्ण संपवूनही मूल सतत थकलेले आणि फिकट दिसते, तर माप वाढवत बसू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण जंत, रक्तातले लोह कमी असणे किंवा दुसरे एखादे कारण डब्याने सुटत नाही. उलट वजन वर्षात पाच-सहा किलोने वाढत असेल, तर चपाती-उसळ तशीच ठेवून संध्याकाळचे चिरमुरे, फरसाण आणि गोड किती जाते ते आधी पाहावे.

हे माप दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू होताना नव्याने लावावे. तुमची मुलगी पुढच्या जूनमध्ये सात वर्षांची झाली की तिच्या दोन लहान चपात्यांच्या दोन मोठ्या होतील आणि चार चमच्यांचे सहा. शनिवारी सकाळची शाळा असते आणि मुले दुपारच्या जेवणाला घरी येतात, तेव्हा त्या दिवशी फक्त छोट्या सुट्टीचा डबा द्यावा, मुलीला सहा चमचे उप्पीट आणि मुलाला अकरा.